बुल कॉल स्प्रेड आणि लाँग स्ट्रॅडल: एक्स्पायरीला ब्रेक-इव्हन नक्की कुठे?

रेषा_आणि_कोन

ऑप्शनचा अभ्यास करतेय आणि एका ठिकाणी अडकले आहे, म्हणून हा धागा.

शेअरचा भाव आज 500 आहे आणि एक्स्पायरीला 30 दिवस आहेत. 500 चा कॉल 15 ला मिळतो, 520 चा कॉल 7 ला आणि 500 चा पुट 13 ला. सगळे आकडे एका शेअरमागे. पहिल्या सौद्यात, म्हणजे स्प्रेडमध्ये, 500 चा कॉल घ्यायचा आणि 520 चा विकायचा. दुसऱ्यात, म्हणजे स्ट्रॅडलमध्ये, 500 चा कॉल आणि 500 चा पुट दोन्ही घ्यायचे. दोन्हींत एक्स्पायरीच्या दिवसापर्यंत थांबायचं.

मला दोन्हींचा पेऑफ, नफा आणि ब्रेक-इव्हन काढायचा आहे. स्ट्रॅडलचे ब्रेक-इव्हन मी असे काढले: कॉलला 15 मोजले म्हणून वर 515, पुटला 13 मोजले म्हणून खाली 487. पण आलेख काढला तर 515 ला नफ्याची रेष शून्याच्या बरीच खाली आहे. आलेख चुकलाय की हिशोब?

भावतोल

तुमचा हिशोब बरोबर आहे, आलेखात गडबड असणार. कॉलचा ब्रेक-इव्हन म्हणजे स्ट्राइक अधिक प्रीमियम, पुटचा म्हणजे स्ट्राइक वजा प्रीमियम, हा साधा नियम आहे. स्ट्रॅडलमध्ये दोन्ही असतात, म्हणून दोन ब्रेक-इव्हन.

स्प्रेडला मात्र 515 धरू नका. तिथे 520 चा कॉल विकून 7 हातात आले, म्हणजे खिशातून गेले फक्त 8. ब्रेक-इव्हन 508.

ताळा_पडताळा

स्प्रेडचं भावतोल यांनी अगदी बरोबर सांगितलं आहे. स्ट्रॅडलचं तसं नाही. रेषा, तुमचा आलेख बरोबर आहे.

515 ला थांबून बघू. एक्स्पायरीला भाव 515 वर बंद झाला. 500 चा कॉल 15 चा झाला, म्हणजे कॉलला मोजलेले 15 सुटले. पण 500 चा पुट त्या क्षणी कवडीमोलाचा आहे आणि त्याला मोजलेले 13 कुठूनच परत येणार नाहीत. म्हणून 515 ला तुम्ही बरोबर 13 ने तोट्यात. तुमच्या आलेखात तिथे उणे 13 दिसत असणार, बघा.

भाव वर गेला तर फक्त कॉल पैसे देतो, खाली गेला तर फक्त पुट. एकाच वेळी दोघं कधीच देत नाहीत. पण पैसे आपण दोघांचे मोजलेले असतात. त्यामुळे जो चालेल त्याने दोघांचा खर्च भरून काढायचा: 15 आणि 13 मिळून 28. वरचा ब्रेक-इव्हन 528, खालचा 472. कॉल महाग आणि पुट स्वस्त असला तरी दोन्ही बिंदू 500 पासून सारख्याच अंतरावर येतात, कारण दोन्ही बाजूंना तोच 28 वजा होतो.

आता पेऑफ आणि नफा. पेऑफ म्हणजे त्या दिवशी ऑप्शनमधून हातात काय येतं. आधी काय मोजलं होतं याच्याशी त्याचा संबंध नाही. स्ट्रॅडलचा पेऑफ 500 सोडून प्रत्येक भावाला शून्याच्या वरच असतो. 510 ला 10, 490 ला 10, 520 ला 20. नुसता पेऑफचा आलेख पाहिला तर हा सौदा कधी बुडणारच नाही असं वाटेल. तोच आलेख 28 ने खाली सरकवला की नफ्याचा आलेख मिळतो आणि 472 ते 528 हा सगळा पट्टा तोट्यात गेलेला दिसतो. 520 ला हातात 20 येतात आणि सौदा 8 च्या तोट्यात असतो. या पट्ट्यात पैसे परत येतात, पण पुरेसे येत नाहीत.

स्प्रेडलाही हीच रीत लावा. 500 च्या खाली दोन्ही कॉल निकामी, पेऑफ शून्य, नफा उणे 8. 500 ते 520 मध्ये घेतलेला कॉल चालतो आणि विकलेला झोपलेला असतो, म्हणून भावाबरोबर पेऑफ एकास एक वाढतो. 508 ला आपले 8 सुटतात. 520 च्या पुढे घेतलेला कॉल जेवढं देतो तेवढंच विकलेला काढून घेतो. पेऑफ 20 वर अडकतो, नफा 12 वर. भाव 521 असो की 700, नफा 12 च.

मध्यरात्र

हे वाचायला बरं वाटतं, पण माझा अनुभव वेगळा आहे. मी एका कंपनीच्या तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी स्ट्रॅडल घेतला होता. दुसऱ्या दिवशी शेअर जवळपास चार टक्के वर उघडला. आनंदाने सौदा काढायला गेलो तर तोटा! तुमचा 528 माझ्या कुठे कामी आला असता? भाव हललाय आणि स्ट्रॅडलचे पैसे जातायत, हे गणित कुणी सांगेल का?

ताळा_पडताळा

मध्यरात्र, तुमचा प्रश्न एक्स्पायरीच्या आधीचा आहे आणि या धाग्यातला आलेख एक्स्पायरीच्या दिवसाचा. दोन्ही वेगळे आहेत, म्हणून तुम्हाला मेळ लागत नाही. पण प्रश्न चांगला आहे, तेव्हा याच आकड्यांवर बसवून दाखवतो.

आयव्ही म्हणजे शेअर किती हलेल याची ऑप्शनच्या भावात धरलेली अपेक्षा. 15 आणि 13 हे भाव साधारण 24 टक्के आयव्हीचे आहेत. समजा दुसऱ्या दिवशी शेअर 520 झाला आणि आयव्ही तशीच राहिली. एक्स्पायरीला अजून 29 दिवस आहेत, त्यामुळे कॉल साधारण 27 चा आणि पुटमध्येही पाचेक शिल्लक. स्ट्रॅडल 32-33 ला विकता येईल, म्हणजे चार-पाचचा नफा. आता निकाल लागून गेल्यामुळे आयव्ही 24 वरून 15 टक्क्यांवर आली असं धरा. तोच 520 चा भाव, तेच 29 दिवस, पण कॉल 24 च्या जरा आत आणि पुट दोनपेक्षाही कमी. एकूण साधारण 25. मोजले होते 28. भाव तुमच्या बाजूने हलूनही सौदा तोट्यात, तो असा.

निकालाच्या आदल्या दिवशी सगळ्यांनाच हालचाल अपेक्षित असते आणि ती अपेक्षा प्रीमियममध्ये आधीच भरलेली असते. निकाल लागला की ती निघून जाते. एक्स्पायरीच्या आलेखाला आयव्ही लागतच नाही, कारण त्या दिवशी ऑप्शनमध्ये वेळच उरलेला नसतो. म्हणून तो आलेख स्वच्छ दिसतो आणि म्हणूनच तो मधल्या कुठल्याही दिवसाबद्दल फारसं सांगत नाही.

मध्यरात्र

समजलं. म्हणजे निकालासाठी घ्यायचा तर स्प्रेड घ्यावा? त्यात एक कॉल विकलेला असतो, आयव्ही पडली तर तिथे फायदा होईल.

ताळा_पडताळा

आयव्हीचा फटका कमी बसेल, हे खरं. पण स्प्रेडला दिशा बरोबर लागावी लागते. तुम्ही स्ट्रॅडल घेतलात तो दिशा माहीत नव्हती म्हणूनच ना?

आणि स्प्रेडमध्येही मधल्या दिवसांत लोकांचा हिरमोड होतो. समजा पंधरा दिवस गेले, भाव 525 आहे आणि आयव्ही तीच. एक्स्पायरीला हा स्प्रेड 20 चा असेल, पण आज तो 14-15 लाच विकला जाईल. विकलेल्या 520 च्या कॉलमध्ये अजून बराच वेळ भरलेला आहे आणि तो परत विकत घ्यायला पैसे लागतात. भाव 520 च्या वर गेला म्हणजे 12 चा नफा लगेच हातात, असं होत नाही. त्यासाठी थांबावं लागतं, आणि थांबलं की भाव परत खाली येण्याची जोखीमही आपलीच.

भावतोल

स्ट्रॅडलचं पटलं. 515 ला पुटचे 13 मी धरलेच नव्हते.

तरी एक मुद्दा मांडतो. जोखमीच्या दृष्टीने स्प्रेड सरळसरळ चांगला. बुडालं तर 8 बुडतात. स्ट्रॅडलमध्ये 28 बुडतात. नवीन माणसाने 28 पणाला का लावावेत?

कडेलोट_नको

भावतोल, इथे मी असहमत आहे. तुम्ही फक्त जास्तीत जास्त तोटा किती ते बघताय. तो कुठल्या भावांना होतो तेही बघा. स्प्रेडमध्ये भाव 500 किंवा त्याखाली कुठेही बंद झाला की पूर्ण 8 गेले. 499 ला गेले, 400 ला गेले. आजच्या भावापासून शेअर जरा खाली राहिला की सगळं प्रीमियम साफ. स्ट्रॅडलमध्ये पूर्ण 28 जातात ते फक्त एकाच भावाला, बरोबर 500 ला. 495 ला 23 जातात, 485 ला 13.

मी दोघांच्या नफ्याच्या रेषा एकावर एक काढल्या. एक स्प्रेड आणि एक स्ट्रॅडल असेल तर त्या 480 ला आणि 540 ला एकमेकींना छेदतात. 480 ला दोघांत 8 चा तोटा, 540 ला दोघांत 12 चा नफा. या दोन्हींच्या मध्ये स्प्रेड सरस, बाहेर स्ट्रॅडल सरस.

पण ही तुलना मला अर्धवट वाटते, कारण एकीकडे 8 लावलेत आणि दुसरीकडे 28. सारखेच पैसे लावून बघा: 56 मध्ये 7 स्प्रेड येतात किंवा 2 स्ट्रॅडल. 7 स्प्रेडचा नफा 84 वर थांबतो. 2 स्ट्रॅडलला 84 गाठायला भाव 570 लागतो. आणि खालच्या बाजूला? 500 च्या खाली स्प्रेडवाल्याचे पूर्ण 56 गेलेले असतात, स्ट्रॅडलवाल्याचे 500 पासून जितकं लांब जाल तितके परत येत जातात. म्हणजे 500 ते 570 हा पट्टा स्प्रेडचा, बाकी सगळं स्ट्रॅडलचं. छेदबिंदू 480 आणि 540 वरून थेट 500 आणि 570 वर गेले, केवळ पैसे सारखे केल्यामुळे.

यातून स्ट्रॅडल चांगला असं मी म्हणत नाही. एका महिन्यात 472 च्या खाली किंवा 528 च्या वर जाणं सोपं नसतं. पण तोटा 8 च आहे म्हणून स्प्रेड सुरक्षित, हेही म्हणता येत नाही. स्वस्त दिसतो म्हणून लोक सात-सात घेतात, आणि मग तो 8 राहत नाही.

भावतोल

सात घ्यायला कुणी सांगितलं? ज्याला 8 च लावायचेत त्याने एकच घ्यावा. माझा मुद्दा तिथेच आहे. पण समान पैशांची तुलना मी केली नव्हती, 570 चा आकडा पाहून थबकलो हे खरं.

रेषा_आणि_कोन

सगळ्यांचे आभार. आता गाडी पुढे सरकली. मी स्प्रेडशीटमध्ये पहिल्या रकान्यात 440 पासून 600 पर्यंत भाव घालून पुढच्या दोन रकान्यांत ही सूत्रं टाकली. पहिलं स्प्रेडचं, दुसरं स्ट्रॅडलचं:

```
=MAX(A2-500,0)-MAX(A2-520,0)-8
=ABS(A2-500)-28
```

स्प्रेडमध्ये 508 ला शून्य आलं, स्ट्रॅडलमध्ये 472 आणि 528 ला. कडेलोट_नको यांचे 480 आणि 540 पण जुळले. शेवटचे 8 आणि 28 काढून टाकले की पेऑफ मिळतो.

एक शंका राहिली. माझ्याकडच्या एका सोडवलेल्या उदाहरणात प्रीमियमवर एक्स्पायरीपर्यंतचं व्याज चढवून मग ते वजा केलं आहे. दुसऱ्या ठिकाणी प्रीमियम तसंच वजा केलंय. कुठलं धरू?

व्याजमुद्दल

व्याज चढवलेलंच धरा. प्रीमियम आज मोजलं, पेऑफ महिन्याने मिळणार. दोन वेगवेगळ्या तारखांचे पैसे सरळ एकमेकांतून वजा करणं मला मान्य नाही. वर्षाला 5 टक्के व्याज धरलं तर 28 चे 30 दिवसांत साधारण 28.12 होतात. मग खरे ब्रेक-इव्हन 471.88 आणि 528.12. स्प्रेडला 8 वर जेमतेम तीनेक पैसे व्याज होतं, तिथे 508 आणि 508.03.

आकडा लहान आहे म्हणून सोडून द्यायचा, हे मला पटत नाही. एक्स्पायरी महिन्याऐवजी दोन वर्षांची असेल तर हाच फरक एकदम मोठा होतो, आणि सवय आधीच लागलेली असेल तर तिथे चूक होत नाही.

ताळा_पडताळा

तत्त्व मान्य. पण महिन्याच्या ऑप्शनमध्ये दलाली आणि खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर या 12 पैशांपेक्षा बहुधा जास्त खातं. स्प्रेडला दोन लेग, स्ट्रॅडललाही दोन. एकेका लेगमध्ये 25-25 पैसे गेले तरी ब्रेक-इव्हन अर्ध्या अंकाने सरकला. व्याज धरायचं आणि हे सोडायचं, यात मला अर्थ दिसत नाही. रेषा, परीक्षेसाठी असेल तर प्रश्नात व्याजदर दिलाय का ते बघा. दिला असेल तर तो वापरण्यासाठीच दिलेला असतो.

व्याजमुद्दल

मग दोन्ही धरा. एक सोडायचंय म्हणून दुसरंही सोडा, हे कारण होत नाही.

पूर्णविराम_नाही

व्याजाचा वाद चालू द्या, मी एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधते, कारण प्रत्यक्षात माणूस तिथे अडकतो. वरचे सगळे आलेख असं गृहीत धरतात की एक्स्पायरीला फरकाचे पैसे हातात येतात आणि विषय संपतो. जिथे सेटलमेंट रोखीत होते तिथे ते खरंच तसं असतं. पण जिथे प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात तिथे भाव 512 वर बंद झाला तर काय होतं बघा. घेतलेला 500 चा कॉल वापरला जातो आणि तुम्हाला शेअर 500 ला घ्यावे लागतात. विकलेला 520 चा कॉल निकामी, त्यामुळे ते शेअर पुढे कुणी घेऊन जात नाही. आलेख म्हणतो नफा 4. खात्यात मात्र एका शेअरमागे 500 ची तजवीज लागते, ज्या माणसाने 8 च मोजले होते त्याच्याकडून. आणि शेअर विकेपर्यंत तो 4 पक्का नाही.

सगळ्यात वाईट जागा 520 च्या आसपास. समजा शेवटचा भाव 520.10 आहे. समोरचा कॉल वापरेल की दहा पैशांसाठी सोडून देईल, हे जिथे त्याच्या मर्जीवर आहे तिथे तुम्हाला रात्रीपर्यंत कळत नाही. त्याने वापरला तर तुमचे शेअर गेले, 12 चा नफा झाला. सोडला तर शेअर तुमच्याकडेच पडून, आणि पुढच्या सत्रात ते 490 ला उघडले तर जास्तीत जास्त तोटा 8 हे वाक्य उपयोगाचं राहत नाही. म्हणून बरेच जण शेवटच्या दिवशी दोन्ही लेग बाजारातच काढून टाकतात, पूर्ण 12 न मिळता थोडे कमी मिळाले तरी.

भावतोल

हे स्ट्रॅडलला लागू नाही ना? तिथे काही विकलेलंच नसतं.

पूर्णविराम_नाही

समोरच्याच्या मर्जीचा भाग लागू नाही, दोन्ही ऑप्शन तुमचेच आहेत. पण शेअर द्यावे-घ्यावे लागण्याचा भाग लागू आहे. 460 वर बंद झाला तर पुट वापरून 500 ला शेअर विकायचे, म्हणजे ते आधी हातात हवेत किंवा बाजारातून आणायला हवेत. सोपा मार्ग म्हणजे वेळ संपायच्या आत पुट विकून टाकणं. तेव्हा तो 40 च्या आसपासच जाईल, 28 वजा करून 12 राहतील.

मध्यरात्र

एक विचारायचं राहिलं. विकलेला 520 चा कॉल समोरच्याने एक्स्पायरीच्या आधीच वापरला तर? माझ्या एका मित्राला डिव्हिडंडच्या आधी असा फटका बसला होता.

पूर्णविराम_नाही

जिथे ऑप्शन कधीही वापरता येतो तिथे हे होऊ शकतं, आणि डिव्हिडंडच्या आदल्या दिवशीच ते जास्त होतं. कॉलमध्ये उरलेली वेळेची किंमत डिव्हिडंडपेक्षा कमी असेल तर समोरच्याला आत्ताच शेअर घेणं परवडतं. तेव्हा तुम्हाला 520 ला शेअर द्यावे लागतात. तुमच्याकडे 500 चा कॉल आहेच, तो वापरून शेअर आणले तर 20 चा फरक मिळतो आणि 12 चा नफा एक्स्पायरीआधीच पदरात पडतो. अडचण होते ती मधल्या एखाद्या दिवसाची. शेअर आज द्यायचे आणि आपले उद्या येणार, अशी गाठ पडली तर तो डिव्हिडंड तुमच्या खिशातून जातो. मित्राचा फटका बहुधा तोच असावा.

जिथे ऑप्शन फक्त एक्स्पायरीलाच वापरता येतो तिथे ही भानगड नाही. सौदा करण्याआधी आपला करार कुठल्या प्रकारचा आहे आणि सेटलमेंट कशी होते, एवढं पाहून घ्या. रेषा यांच्या सूत्रांत या दोन्ही गोष्टी कुठेच दिसत नाहीत.

रेषा_आणि_कोन

प्रश्नात व्याजदर दिलेला आहे, आत्ता पाहिलं. 4 टक्के. म्हणजे 28 ऐवजी 28.09 वजा करते आणि 471.91, 528.09 असं लिहिते. सेटलमेंटबद्दल प्रश्नात एक शब्दही नाही, तेव्हा रोखीत धरते आणि उत्तरात तसं स्पष्ट नमूद करते.